छायाचित्रांतील सुट्या दाण्यांवरून डाळींची पारख

नवी मुंबईंत वाशी येथें मुंबई कृषि उत्पन्न बाजार समितीचा धान्यबाजार आहे. तो मूळचा मशीद बंदराकडील असल्यामुळें इकडे हलविल्यानंतरहि व्यापारी त्यास दाणाबंदर असेंच म्हणतात. या बाजारांत माल घेऊन जाण्यापूर्वीं मूठभर दाणे पसरून त्यांचें छायाचित्र मोबाईलवरून पाठवावयाचें आणि भाव विचारावयाचा, ही वहिवाट आतां आमच्या बहुतेक वाचकांच्या अंगवळणीं पडली आहे. उलट दिशेनेंहि तेंच चालतें. घरखर्चास किंवा मजुरांच्या शिध्यास डाळ घ्यावयाची झाल्यास विकणारा चित्र पाठवितो आणि त्यावर सौदा ठरतो. पूर्वीं पारख करणारा नमुना तळहातावर घेई, दोन बोटांत दाणा फिरवी, एखादा दांताखालीं फोडून पाही आणि मग बोले. चित्राच्या बाबतींत यांपैकीं कांहींच करतां येत नाहीं. सबब केवळ चित्रावरून तूर, मसूर, मूग व हरभरा यांच्या डाळी कशा ओळखाव्या, आणि त्यांच्या जागीं दुसरेंच कांहीं आलें असल्यास तें कोणत्या खुणेनें कळावें, एवढ्यापुरता विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम एक गोष्ट सांगितली पाहिजे. बहुतेक लोक चित्र पाहतांच रंगावर जातात, आणि फसगत होते ती तेथेंच. मोबाईलचा कॅमेरा पांढरा रंग कोणता हें आपल्या अंदाजानें ठरवितो व बाकीचे रंग त्या मानानें लावतो. पिवळ्या दिव्याखालीं काढलेली मुगाची डाळ तुरीसारखी दिसते, त्याच दिव्याखालीं धुतलेली उडदाची डाळ मुगासारखी दिसते, आणि लाल परातींत ठेवलेल्या हरभऱ्याच्या डाळीवर परातीची झांक येते. शिवाय डाळीस रंग चढविणारे लोक आहेतच. रंग चढवितां येतो, परंतु दाण्याचा घाट बदलतां येत नाहीं. म्हणून चित्रांतील दाण्याची आधीं कड पाहावी, मग आकारमान मोजावें, मग जाडी पाहावी आणि रंगास सर्वांत शेवटीं विचारावें, असें आमचें मत आहे.

आतां हें सर्व पाहतां येण्यासाठीं चित्रच नीट काढलेलें असावें लागतें. ढिगाचें चित्र अगदींच निरुपयोगी होय. ढिगांत कोणत्याहि दाण्याची संपूर्ण कड दिसत नाहीं, आणि विकणारास कांहीं झांकावयाचें असल्यास त्यास तेंच सोयीचें असतें. गडद निळ्या किंवा काळ्या जाड कागदावर दाणे एकेरी पसरावे, एकास दुसरा टेकूं देऊं नये. निम्मे दाणे सपाट बाजू वर व निम्मे फुगीर बाजू वर असे ठेवावे. शेजारीं पांढऱ्या कोऱ्या कागदाची एक पट्टी ठेवावी. चित्रांत ही पट्टी पिवळट किंवा निळसर दिसली, तर बाकीचे रंगहि तितकेच बिघडले आहेत हें पाहणारास कळतें. मधोमध दहा रुपयांचें नाणें ठेवावें. तें २७ मिलिमीटर व्यासाचें असतें. एक, दोन व पांच रुपयांचीं नाणीं वेळोवेळीं निरनिराळ्या मापांचीं निघालीं आहेत, म्हणून तीं या कामास घेऊं नयेत.

उजेड बाजूनें यावा. सकाळीं किंवा उतरत्या दुपारीं खिडकीपाशीं बसलें म्हणजे प्रत्येक दाण्याची लहानशी सावली पडते, आणि पुढें आपण पाहूं कीं सर्वांत महत्त्वाची साक्ष ही सावलीच देते. कॅमेऱ्याचा दिवा लावला कीं सावल्या नाहींशा होतात, तेव्हां तो लावूं नये. कॅमेरा बरोबर वरून धरावा. तो तिरपा धरला तर गोल दाणा लांबट दिसतो. तो सरळ धरला होता कीं नाहीं, हें ओळखण्यास नाणेंच पुरें आहे, कारण तिरप्या चित्रांत नाणेंहि लांबट झालेलें असतें. असें नाणें दिसल्यास तें चित्र परत पाठवावें व दुसरें मागवावें.

चारी डाळी अशा रीतीनें एका कागदावर शेजारींशेजारीं ठेवल्या असतां त्यांची कड निरनिराळी आहे हें सहज दिसतें. तुरीची डाळ जवळजवळ गोल, क्वचित् किंचित् लांबट असते. तिची कड नरम वळणाची असून घोटतांना एखादे ठिकाणीं झिजलेली आढळते. हरभऱ्याची डाळ चोहोंत मोठी व बेढब असते. अख्ख्या हरभऱ्यास जी चोंच असते तिचा अंश डाळीच्या एका टोंकास राहतो, आणि फुगीर बाजू गुळगुळीत नसून तिच्यावर उथळ खळगे असतात. मुगाची डाळ स्पष्टपणें लांबट असते आणि तिच्या दोन्ही लांब बाजू जवळजवळ समांतर जातात. हें लक्षण इतर तिघींत नाहीं, म्हणून पिवळ्या उजेडांतहि मूग व तूर यांचा घोटाळा होण्याचें कारण नाहीं. मसुरीची डाळ गोल चकतीसारखी पातळ असते. तिची कड धारेसारखी निमुळती असून सपाट दाण्याची सावली अगदीं अरुंद पडते.

कड पाहिल्यावर माप घ्यावें. तें कसें घ्यावें तें प्रत्यक्ष उदाहरणानें सांगतों. चित्र पडद्यावर मोठें करून नाणें पट्टीनें मोजलें, तें ३६ मिलिमीटर भरलें असें समजूं. खरें नाणें २७ मिलिमीटर आहे, म्हणजे पडद्यावरील दर ४ मिलिमीटर हे प्रत्यक्षांत ३ मिलिमीटर होत. आतां त्याच पडद्यावर एक दाणा ७ मिलिमीटर भरला, तर तो वास्तविक सव्वापांच मिलिमीटरांचा, व हें तुरीच्या डाळीचें नेहमींचें माप होय. दुसरा ९ भरला, तो पावणेसातांचा, म्हणजे हरभरा. तिसरा साडेपांच भरला, तो चारांहून किंचित् अधिक, म्हणजे मसूर. चवथा लांबींत ६ व रुंदींत ४ भरला, तो साडेचार लांब व तीन रुंद, म्हणजे मूग. वाण, पाऊस व गिरणी यांप्रमाणें ही मापें थोडीं मागेंपुढें होतात. एकाच दाण्यावर विसंबूं नये, दहा दाणे मोजून सरासरी काढावी. कॅमेरा फार जवळ धरल्यास चित्राच्या कडेचे दाणे ताणल्यासारखे दिसतात, म्हणून नाण्याजवळचेच दाणे मोजावे.

येथपर्यंत काम सोपें आहे. कोणत्याहि घरांतील गृहिणी या चार डाळी डोळे मिटून बोटांनीं ओळखील. अडचण येते ती तुरीच्या डाळींत लाख मिसळली असेल तेव्हां. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या भातपिकाच्या जिल्ह्यांत भात उभें असतांनाच ओलीवर लाख किंवा लाखोळी फेंकून देतात, व भात कापल्यावर ती जमिनींतील उरलेल्या ओलाव्यावर येते. पीक काटक, खर्च नाममात्र, आणि डाळ तुरीहून स्वस्त. म्हणूनच ती तुरीच्या व हरभऱ्याच्या डाळींत घातली जाते. या दाण्यांत ओडॅप नांवाचें एक द्रव्य आहे. महिनोन्‌महिने लाख हेंच मुख्य अन्न झाल्यास त्यामुळें पायांतील शक्ति जाऊन माणूस कायमचा लंगडा होतो. १८२९ पासून पुढें कांहीं वर्षें सागर प्रांतांत गहूं बुडाले असतां लोक याच धान्यावर राहिले व गांवोगांव तरुण माणसें पांगळीं झालीं, असें कर्नल स्लीमन यानें लिहून ठेविलें आहे. १९६१ सालीं केंद्राच्या अन्नभेसळीच्या नियमांत लाखेच्या विक्रीवर निर्बंध घालण्याची तरतूद आली, आणि निरनिराळ्या राज्यांनीं त्याप्रमाणें बंदी केली. पुढें रतन, प्रतीक व महातिवडा अशीं कमी ओडॅप असलेलीं वाणें निघालीं, हें खरें. परंतु लाख कोणत्या वाणाची हें चित्रावरून कळत नाहीं, आणि वाण कोणतेंहि असलें तरी तूर म्हणून लाख विकणें ही भेसळच होय.

अख्खा दाणा असेल तर शंकेस जागा नसते. लाखेचा दाणा कुऱ्हाडीच्या पात्यासारखा एका बाजूस निमुळता व कोनदार असतो आणि करड्या रंगावर ठिपके असतात. तुरीचा दाणा गोलसर असून डोळा पांढरा असतो. पण डाळ झाल्यावर टरफल जातें, रंग पिवळा होतो आणि माप तर जवळजवळ सारखेंच उतरतें. तेव्हां नाण्यानें मोजण्याची युक्ति येथें लागू पडत नाहीं. येथें केवळ कडेनें निकाल लागतो. लाखेच्या डाळीची कड गोल वळत नाहीं, ती सरळ जाऊन कोन करते. दाणा चौकोनी वाटतो व त्याची एक बाजू उतरती असते. बाजूनें उजेड असल्यास त्या उताराची सावली तुरीच्या सावलीसारखी वाटोळी न पडतां सरळ रेषेनें तुटते.

आमच्या एका सभासदानें विकत घ्यावयाच्या तूरडाळीचें वर सांगितलेल्या रीतीनें काढलेलें चित्र आमच्याकडे पाठविलें होतें, तें येथें उपयोगी पडेल. चित्रांत २०० दाणे होते. त्यांत ९ दाणे कोनदार दिसले. सभासदाची समजूत अशी झाली कीं नऊच्या नऊ लाख आहेत. चित्र मोठें करून एकेक दाणा पाहिला, तेव्हां त्यांपैकीं तिहींची सरळ बाजू ओबडधोबड, दाणेदार व मधल्या भागापेक्षां फिकट होती, आणि तिच्या दोन्ही टोंकांस कोन अगदीं तीक्ष्ण होते. हे गिरणींत फुटलेल्या तुरीचे तुकडे. फुटलेली बाजू कधींहि गुळगुळीत नसते. उरलेल्या सहांची सरळ बाजू मात्र बाकीच्या कडेइतकीच साफ होती, कोन किंचित् बोथट होते, आणि सहाहि दाण्यांचा घाट एकमेकांशीं जुळत होता. तुकडे हे कसेहि फुटतात, त्यांचे घाट जुळत नाहींत. जातिवंत कोन मात्र प्रत्येक दाण्यांत तोच येतो. अशा रीतीनें २०० मध्यें ६, म्हणजे शेंकडा ३ लाख निघाली. दोन्ही डाळींचे दाणे सारख्याच मापाचे असल्यामुळें वजनांतहि प्रमाण साधारण तेंच धरावयास हरकत नाहीं, म्हणजे क्विंटलमागें सुमारें तीन किलो.

फार घोटलेल्या डाळींत ही पारख अवघड होते, कारण घोटतांना कोन झिजतात व लाख तुरीसारखी गोल होऊं लागते. चकचकीत डाळीस जास्त भाव देणारांनीं ही गोष्ट ध्यानांत धरावी.

मसुरीच्या बाबतींत असाच एक प्रकार घडला आहे, व तो आपल्याकडील नसून ऑस्ट्रेलियांतील आहे. व्हेच नांवाचें एक वैरणीचें कडधान्य तेथें पिकतें. त्याच्या ब्लांश फ्लर नांवाच्या वाणाचा दाणा सोलून फोडला असतां आंतून मसुरीसारखाच केशरी निघतो. ही डाळ मसुरीहून स्वस्त असल्यामुळें ती लाल मसूर म्हणून परदेशीं जाऊं लागली. १९९२ सालीं मॅक्स टेट व डर्क एन्नेकिंग या ॲडलेड येथील शास्त्रज्ञांनीं ‘नेचर’ या नियतकालिकांत पत्र लिहून हा प्रकार उघडकीस आणला. व्हेचमध्यें असलेलें विषारी द्रव्य कोंबड्यांस व डुकरांस बाधतें. रवंथ करणारीं जनावरें तें बऱ्याच अंशीं पचवितात, म्हणूनच वैरण म्हणून त्याची लागवड होते.

या जोडींत रंग पाहून कांहींच निष्पन्न होत नाहीं, वरून काढलेल्या चित्रांत गोलाईहि सारखी दिसते, आणि मापहि जवळजवळ येतें. फरक आहे तो जाडींत. मसुरीचा अख्खा दाणा दोन्ही बाजूंनीं चेपलेला असतो, त्यामुळें त्याची डाळ पातळ चकती होते. व्हेचचा दाणा वाटोळा, त्यामुळें त्याची डाळ घुमटासारखी फुगीर निघते. म्हणून मसुरीच्या सौद्यांत आम्ही दोन चित्रें मागण्यास सांगतों. एक वरून व दुसरें आडवें. आडव्या चित्रासाठीं दहा दाणे सपाट बाजू खालीं करून कागदाच्या काठावर ओळीनें मांडावे आणि कॅमेरा कागदाच्या पातळीस आणावा. मसुरीची ओळ बारीक रेघेसारखी दिसते, व तीत एखादा उंच घुमट आला तर तो लपून राहत नाहीं. सोलून न फोडलेली अख्खी मसूर असेल तर तीहि या ओळींत जाड दिसेल. परंतु तिला खालची सपाट बाजू नसते, त्यामुळें ती कागदावर डुलते व तिच्याखालीं दोन्हीकडे सावलीची फट राहते.

हरभऱ्याच्या डाळींत पिवळ्या वाटाण्याची डाळ येते, आणि डिसेंबर २०२३ मध्यें सरकारनें परदेशी पिवळा वाटाणा शुल्कमुक्त केल्यावर ही शंका अधिक वेळां येऊं लागली. येथें ओळख सोपी आहे. वाटाण्याची डाळ म्हणजे कापलेल्या गोळीचा अर्धा भाग. ती सर्व बाजूंनीं सारखी गोल व गुळगुळीत असून चोंच नाहीं, खळगे नाहींत. बाजूच्या उजेडांत हरभऱ्याच्या पाठीवर छायेचे ठिपके उमटतात, वाटाण्याच्या पाठीवर एकसारखी फिकी होत जाणारी छाया दिसते. दोहोंचें मिळून बेसन झाल्यावर मात्र कोणतेंहि चित्र उपयोगी नाहीं.

चित्रांत दाणे किती असावे, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो पण तसा नाहीं. मालांत शेंकडा २ लाख आहे असें समजा. त्यांतून न निवडतां ५० दाणे घेतले, तर शंभरांत सुमारें ३६ वेळां त्या पन्नासांत लाखेचा एकहि दाणा येणार नाहीं व माल शुद्ध वाटेल. २०० दाणे घेतले तर असें शंभरांत दोन वेळांच घडेल. म्हणून दोनशेंहून कमी दाण्यांच्या चित्रावर सौदा करूं नये. एका चित्रांत इतके दाणे स्पष्ट येत नसतील तर पन्नासपन्नासांचीं चार चित्रें घ्यावीं, आणि तीं चार निरनिराळ्या पोत्यांतील असावीं. नमुना पोत्याच्या तोंडाशीं असलेल्या मुठीचा नको. नळी खुपसून मधून व तळांतून काढलेला हवा, कारण वाहतुकींत पोतें हलून बारीक दाणे व चुरा खालीं बसतो आणि तोंडाशीं मोठा, देखणा माल राहतो. विकणारानें दाणे निवडून मांडले तर मात्र ही सारी गणति फुकट जाते, आणि त्यावर चित्रांत कांहींच उपाय नाहीं.

आणखी कांहीं गोष्टी चित्रांत येतच नाहींत. ओलावा येत नाहीं, वास येत नाहीं, दाणा दांताखालीं कडक फुटतो कीं दबतो हें कळत नाहीं. भुंगा पडून गेला असल्यास अख्ख्या दाण्यावर वाटोळें भोंक दिसतें व टरफलावर चिकटलेलीं पांढरीं अंडींहि मोठ्या चित्रांत दिसतात, परंतु अळी आंत असून भोंक अद्यापि पडलें नसेल तर दाणा निर्दोष वाटतो. चढविलेला रंगहि चित्रानें सिद्ध होत नाहीं. मेटॅनिल यलो हा मनाई असलेला पिवळा रंग असल्याची शंका आल्यास थोडी डाळ कोमट पाण्यांत हलवून तें पाणी वेगळें काढावें व त्यांत हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोनचार थेंब टाकावे. रंग असल्यास पाणी तत्काळ गुलाबी होतें. ही डाळ अर्थात् पुन्हां खाण्यांत घेऊं नये. ज्यांना हें घरीं करणें शक्य नाहीं त्यांनीं चित्रावर भाव ठरविला तरी पैसे देण्यापूर्वीं पावशेर डाळ प्रत्यक्ष मागवावी, आणि आलेल्या डाळीचें त्याच कागदावर, त्याच नाण्याशेजारीं चित्र काढून पहिल्या चित्राशीं ताडून पाहावें.